पगाराची विनंती नेमकी कोण वाचतं?

ऑफर लेटर मेलवर येतं. पाठवणारी व्यक्ती एचआरमधली असते. मुलाखतीची वेळ तिनेच ठरवलेली असते, कागदपत्रं तिनेच मागवलेली असतात, म्हणून पगार वाढवून मागायचा किंवा रुजू व्हायची तारीख पुढे ढकलायची तर आपण तिलाच लिहितो. पण निर्णय बहुधा तिच्या हातात नसतो. आपला मेल ती वरिष्ठांकडे पाठवते. पगाराच्या आकड्यासाठी तो कंपनीत वेतनाची रचना पाहणाऱ्यांकडे जातो, तारखेसाठी ज्या मॅनेजरच्या टीममध्ये आपण जाणार त्याच्याकडे जातो. आपल्याला कधीही न भेटलेला माणूस, दिवसभरातल्या इतर पन्नास मेलमध्ये, आपल्या चार ओळी वाचतो आणि हो किंवा नाही म्हणतो.

ही वाट एकदा लक्षात आली की मेल कसा लिहायचा याचं बरंचसं उत्तर मिळतं. मेल असा हवा, की एचआरला त्यात काहीही न घालता, काहीही समजावून न सांगता तो जसाच्या तसा पुढे पाठवता येईल. ‘पगार थोडा कमी वाटतो, काही करता येईल का?’ असं लिहिलं तर एचआरला फोन करून विचारावं लागतं, की किती हवा, का हवा आणि तेवढा दिला तर तुम्ही नक्की येणार का. या तीन प्रश्नांची उत्तरं मेलमध्येच असतील तर विनंती पुढे सरकते; नसतील तर ती पहिल्याच टेबलावर थांबते.

हे एका उदाहरणावरून पाहू. नाशिकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करणारी, सहा वर्षांचा अनुभव असलेली एक मुलगी समजा. तिथे तिचा सीटीसी, म्हणजे कंपनीला तिच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, ९ लाख ६० हजार रुपये आहे. पुण्यातल्या एका कंपनीने तिला १२ लाखांची ऑफर दिली. पत्र सोमवारी, ५ जानेवारी २०२६ रोजी आलं. उत्तर शुक्रवारपर्यंत, म्हणजे ९ तारखेपर्यंत द्यायचं आहे आणि रुजू व्हायची तारीख २३ फेब्रुवारी आहे.

कागदावर ही वाढ पंचवीस टक्क्यांची आहे. मेल लिहायच्या आधी तिने पहिली गोष्ट केली पाहिजे ती म्हणजे पत्राच्या शेवटी जोडलेला पगाराचा तक्ता उघडून दर महिन्याला हातात काय येणार हे काढणं. १२ लाखांपैकी १ लाख २० हजार व्हेरिएबल आहेत, म्हणजे तिची आणि कंपनीची कामगिरी पाहून वर्षाच्या शेवटी मिळणारे, पूर्ण मिळतीलच याची खात्री नसलेले. मूळ पगार ६ लाख आहे. त्याच्या बारा टक्के, म्हणजे ७२ हजार, हा भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा आहे आणि तोही सीटीसीतच धरलेला आहे. ग्रॅच्युइटीपोटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे २९ हजार, असेच धरलेले आहेत. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं नोकरी झाल्यावरच हातात पडते. हे सगळं वजा केलं तर उरतात ९ लाख ७९ हजार, म्हणजे महिन्याला ८१ हजार ५८३ रुपये. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ ६ हजार आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० रुपये जातील. आयकर बाजूला ठेवला तर हातात सुमारे ७५ हजार ४०० येतील.

आता हाच हिशोब जुन्या नोकरीचा. तिथे व्हेरिएबल नाही. मूळ पगार ४ लाख ८० हजार, कंपनीचा पीएफ ५७ हजार ६००, ग्रॅच्युइटी सुमारे २३ हजार. सगळी वजावट होऊन आजही तिच्या हातात सुमारे ६८ हजार ३०० येतात. म्हणजे कागदावरची पंचवीस टक्के वाढ दर महिन्याच्या खात्यात जेमतेम दहा टक्के उरते, साधारण ७ हजार १०० रुपये. शिवाय नाशिकला ती आईवडिलांच्या घरी राहते. पुण्यात भाडं भरावं लागणार.

या हिशोबाचा उपयोग एवढाच नाही, की ऑफर वाटली तेवढी मोठी नव्हती हे कळलं. काय मागायचं तेही त्यातूनच कळतं. ‘साडेबारा करा’ असं तिने मोघम म्हटलं तर कंपनी व्हेरिएबल ५० हजारांनी वाढवून साडेबारा करू शकते, आणि तिच्या महिन्याच्या पगारात एक रुपयाचाही फरक पडणार नाही. म्हणून मागणी एकूण आकड्याची न करता निश्चित रकमेची करावी, म्हणजे सीटीसीतून व्हेरिएबल वजा केल्यावर उरते तिची. तिच्या ऑफरमध्ये ती १० लाख ८० हजार आहे. ती ११ लाख ६० हजार व्हावी, अशी तिची विनंती आहे.

आता कारण. इथे बहुतेक मेल घसरतात. पुण्यातलं भाडं, गृहकर्जाचा हप्ता, भावाचं शिक्षण ही कारणं खरी असतात, पण मंजुरी देणाऱ्याला ती वापरता येत नाहीत. त्याच्यासमोर त्या पदाची वेतनश्रेणी असते आणि त्याच टीममध्ये तेच काम करणाऱ्या इतरांचे पगार असतात. नव्या माणसाला त्यांच्यापेक्षा बरंच जास्त दिलं तर उद्या ते विचारायला येतील, ही त्याची खरी अडचण असते. म्हणून कारण असं हवं, की हिला जास्त का, याचं उत्तर त्याला फाइलवर लिहिता येईल. जाहिरातीत नसलेलं पण मुलाखतीत सांगितलेलं जास्तीचं काम, टीममध्ये कोणाकडे नसलेलं एखादं कौशल्य, जुनी नोकरी आत्ता सोडल्यामुळे बुडणारा बोनस किंवा हातात असलेली दुसरी लेखी ऑफर, अशी कारणं चालतात. दुसरी ऑफर खरंच असेल तरच लिहावी. तिचं पत्र पाहायला मागितलं जाऊ शकतं, आणि ते नसेल तर पगारासोबत विश्वासही जातो.

आपल्या उदाहरणात चांगलं कारण हाताशी आहे. तिसऱ्या फेरीत मॅनेजर तिला म्हणाले होते, की चार टेस्टरांच्या गटाचं काम तिलाच पाहावं लागेल. ऑफर लेटरमध्ये मात्र पद साध्या वरिष्ठ टेस्ट इंजिनिअरचं आहे. हा मेल मॅनेजरकडे गेला की आपलं बोलणं त्यांना आठवेल, आणि दुजोराही तेच देतील.

तारखेची मागणी वेगळ्या स्वभावाची असते. पगार वाढवण्यात कंपनीचे पैसे जातात. तारीख पुढे नेण्यात काम खोळंबतं. त्यामुळे मॅनेजरला जे हवं असतं ते खात्रीची तारीख. ‘एप्रिलपर्यंत बघते’ यापेक्षा ‘१६ मार्च, सोमवार’ हे त्याला जास्त सोयीचं, मग ती तारीख त्याच्या मनातल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा का असेना.

खात्रीची तारीख देण्यासाठी तिने आपलं जुनं नियुक्तिपत्र काढून नोटीस पिरियडचं कलम वाचलं पाहिजे. त्यात समजा असं आहे: नोटीस नव्वद दिवसांची, त्यातले पहिले साठ दिवस भरावेच लागतील, उरलेल्या तीस दिवसांचा मूळ पगार भरून आधी निघता येईल. यालाच बायआउट म्हणतात. तिच्या बाबतीत तो ४० हजार रुपये होतो. काही कंपन्या बायआउट मूळ पगारावर न धरता पूर्ण मासिक पगारावर धरतात, आणि तेव्हा रक्कम जवळपास दुप्पट होते. म्हणून कलमातला शब्द नीट वाचावा. बायआउटला वरिष्ठांची संमती लागते का, तेही त्याच कलमात असतं.

नोटिशीचे दिवस राजीनाम्यापासून मोजले जातात, आणि राजीनामा देता येतो तो सुधारित ऑफर हातात पडल्यावर. म्हणून तारीख नेहमी या पत्राच्या तारखेला बांधावी. शुक्रवारी, ९ जानेवारीला सुधारित पत्र आलं तर सोमवारी १२ तारखेला ती राजीनामा देईल. तिथून साठ दिवस शुक्रवारी, १३ मार्चला भरतात. म्हणजे १६ मार्चच्या सोमवारी ती रुजू होऊ शकते. पूर्ण नव्वद दिवस भरायचे तर ते १२ एप्रिलला संपतात, आणि रुजू व्हायचा दिवस १३ एप्रिल. अशा दोन तारखा हिशोबासकट दिल्या की निवड कंपनीकडे जाते: माणूस लवकर हवा असेल तर बायआउटचे ४० हजार द्या, नाहीतर महिनाभर थांबा. मागणी तीच असते, पण समोरच्याला आपण अडवत नाही, त्याच्यापुढे पर्याय ठेवतो.

मधल्या मार्गाचा मोह टाळावा. २३ फेब्रुवारी मान्य करायची, जुन्या कंपनीत कसंतरी जमवू म्हणायचं आणि शेवटी नोटीस पूर्ण न करता निघायचं, यात रिलीव्हिंग लेटर अडकतं. दोन्हीकडे काही दिवस एकाच वेळी हजेरी लागली तर तेही लपत नाही. पीएफच्या यूएएन क्रमांकाखाली प्रत्येक नोकरीची सुरुवातीची आणि सोडल्याची तारीख नोंदलेली असते, आणि पार्श्वभूमी तपासणीत हीच नोंद पाहिली जाते.

आता प्रत्यक्ष मेल. तो बहुधा इंग्रजीत जाईल, पण मजकुराचा घाट कळावा म्हणून इथे मराठीत देत आहे.

विषय: वरिष्ठ टेस्ट इंजिनिअर पदाची ऑफर – पगार व रुजू तारखेबाबत विनंती

नमस्कार मॅडम,

५ जानेवारीचं ऑफर लेटर मिळालं, मनापासून आभार. या टीममध्ये काम करण्याची माझी इच्छा आहे. स्वीकृती कळवण्याआधी दोन बाबींवर विचार व्हावा, अशी विनंती आहे.

पगार: ऑफरमधली निश्चित रक्कम वार्षिक १०,८०,००० रुपये आहे. तिसऱ्या फेरीत झालेल्या चर्चेनुसार चार टेस्टरांच्या गटाची जबाबदारी माझ्याकडे असेल. ती लक्षात घेऊन निश्चित रक्कम ११,६०,००० रुपये करता येईल का? व्हेरिएबल आहे तसंच ठेवायला माझी हरकत नाही.

रुजू होण्याची तारीख: माझी नोटीस ९० दिवसांची आहे; ६० दिवसांनंतर बायआउटची सोय आहे. सुधारित पत्र ९ जानेवारीपर्यंत मिळाल्यास मी १२ जानेवारीला राजीनामा देईन. बायआउटचे ४०,००० रुपये कंपनीने दिल्यास १६ मार्चला रुजू होता येईल. अन्यथा १३ एप्रिलला. यातली कोणती तारीख सोयीची आहे ते कळवावं.

या दोन बाबींवर एकमत झालं तर त्याच दिवशी स्वीकृती पाठवेन. फोनवर बोलायचं असल्यास उद्या सायंकाळी पाचनंतर कधीही चालेल.

आपली,

खाली नाव आणि फोन नंबर. एवढंच.

यात आभार एकदाच आहेत, आणि ‘क्षमस्व’, ‘गैरसमज नसावा’, ‘तुमचा वेळ घेते आहे’ यातलं काहीही नाही. मागणीत चूक काही नाही, तेव्हा माफीची गरजही नाही. उलट माफी मागितली की मागणाऱ्यालाच आपलं म्हणणं पटलेलं नाही असा अर्थ निघतो. नम्रता ‘करता येईल का’ या रचनेत आहे, समोरच्याला दिलेल्या पर्यायात आहे आणि ‘त्याच दिवशी स्वीकृती पाठवेन’ या शब्दात आहे. शेवटच्या या वाक्याचं मोल सर्वांत जास्त. मंजुरी देणाऱ्याला सर्वांत मोठी भीती ही असते, की वाढ मंजूर करावी आणि उमेदवाराने तेच पत्र घेऊन तिसऱ्या कंपनीत जावं. हे वाक्य ती भीती कमी करतं. मात्र ते लिहिलं की पाळायलाच हवं.

दोन्ही मागण्या एकाच मेलमध्ये आहेत, हेही मुद्दाम. आज पगार, तो मिळाल्यावर परवा तारीख, मग आठवड्यातून दोन दिवस घरून काम, असं तुकड्यातुकड्यांनी मागितलं तर एचआरला प्रत्येक वेळी नव्याने मंजुरी घ्यावी लागते, आणि तिसऱ्या वेळी उत्तराचा सूर बदललेला असतो.

शब्दरचनेला कायद्याचीही एक बाजू आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या सातव्या कलमानुसार प्रस्तावाची स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. ‘मला ऑफर मान्य आहे, पण पगार ११ लाख ६० हजार हवा’ ही त्यामुळे स्वीकृती होत नाही. तो आपण मांडलेला नवा प्रस्ताव होतो, आणि मूळ ऑफर पाळायला कंपनी बांधील आहे असं मग ठामपणे म्हणता येत नाही. ‘करता येईल का?’ ही विचारणा आहे. तिने मूळ ऑफर नाकारली जात नाही. म्हणून आधी विचारायचं, उत्तर आलं की स्वीकारायचं. सही करून पत्र परत पाठवल्यावर पगाराचा विषय काढणं तर टाळावंच, कारण तोवर कंपनीच्या लेखी तो विषय संपलेला असतो.

उत्तर काय येईल? पूर्ण होकार क्वचित येतो, सपाट नकारही क्वचित. बहुतेक वेळा मधलं काहीतरी येतं. समजा तिला असं कळवलं गेलं: निश्चित रक्कम ११ लाख ३० हजार, बायआउट वेगळा मिळणार नाही पण ५० हजार जॉइनिंग बोनस मिळेल, आणि रुजू होण्याची तारीख १६ मार्च. जॉइनिंग बोनस कंपनीला देणं तुलनेने सोपं जातं, कारण तो एकदाच जातो आणि टीममधल्या इतरांच्या पगाराशी त्याची तुलना होत नाही. उमेदवाराच्या बाजूने मात्र तो वाढीची जागा घेऊ शकत नाही. पुढच्या वर्षीची पगारवाढ ठरताना तो धरला जात नाही, त्यावर आयकर लागू होतो आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत करावा लागेल अशी अट बहुधा असते. तिच्या बाबतीत तो बायआउटचे ४० हजार भरून काढतो, त्यामुळे तो घेण्यात अर्थ आहे. मूळ पगार पूर्वीसारखाच सीटीसीच्या निम्मा धरला तर निश्चित रकमेतल्या वाढीमुळे हातात येणारा पगार ७५ हजार ४०० वरून सुमारे ७९ हजारांवर जातो. जुन्या पगाराच्या तुलनेत ही वाढ साधारण सोळा टक्के होते. आपल्याला किमान किती हवं हे तिने मेल पाठवण्याआधीच मनाशी ठरवलेलं असेल, तर या उत्तरावर हो म्हणायला तिला दहा मिनिटंही लागू नयेत. पुन्हा एकदा ताणून पाहण्याची ही वेळ नव्हे.

नकार आला, ‘या पदाला एवढंच मंजूर आहे’ असं कळलं, तर एक प्रश्न विचारायला जागा उरते: पगाराचा आढावा वर्षाऐवजी सहा महिन्यांनी घेता येईल का, आणि तसं पत्रात लिहाल का? तेही नाही म्हणाले तर मूळ ऑफर घ्यायची की सोडायची एवढंच ठरवायचं राहतं. उत्तरच आलं नाही तर दोन कामाचे दिवस थांबून त्याच मेलच्या साखळीत दोन ओळींची आठवण करावी. मुदत शुक्रवारी संपत असेल तर गुरुवारीच मुदतवाढ मागावी. मुदत उलटली की ऑफर आपोआप रद्द होते असं अनेक पत्रांत लिहिलेलं असतं.

काही ठिकाणी यातलं फारसं लागू होत नाही. सरकारी नोकरीत वेतनस्तर नियमांनी ठरतो, तिथे आकड्यावर बोलणी होत नाहीत. रुजू होण्यासाठी मुदतवाढ मात्र नियुक्ती आदेशातल्या मुदतीच्या आत, कारणासह अर्ज करून मागता येते. कॉलेजच्या कॅम्पसमधून एकाच पॅकेजवर पूर्ण तुकडी घेतली जाते तेव्हाही एकट्यासाठी पगार बदलत नाही. निकाल लागायचा असेल किंवा प्रकृतीचं कारण असेल तर तारखेची विनंती तिथेही करावी.

आणि फोनवर ‘झालं तुमचं काम, मॅडमनी हो म्हटलंय’ असं कोणी सांगितलं म्हणून राजीनामा देऊ नये. ‘मंजुरीसाठी पाठवलं आहे’ हा मेलही ऑफर नव्हे. सुधारित पत्र येऊ द्यावं आणि त्यात तीन गोष्टी बोट ठेवून पाहाव्यात: वाढ निश्चित रकमेत झाली आहे की व्हेरिएबलमध्ये, जॉइनिंग बोनस परत करण्याची मुदत किती महिन्यांची आहे, आणि रुजू होण्याची तारीख बदलली आहे का. जुनंच पत्र उघडून एक आकडा बदलला आणि तारीख तशीच राहिली, असं घाईत होतं. तारीख २३ फेब्रुवारीच राहिली असेल तर लगेच, त्याच मेलला उत्तर देऊन दुरुस्ती मागावी. तिन्ही गोष्टी जुळल्या की त्या दिवशी स्वीकृती पाठवावी, आणि राजीनामा त्यानंतर.